‘मला वाटतं’च्या पुढचा ‘की’

नमस्कार ताई,
माझं माहेर चंदगड तालुक्यात, सासर शहापुरात. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी दुसरीत आहे. मिस्टर उद्यमबागला मशीन शॉपमध्ये आहेत. व्यसन नाही, मारहाण नाही, पगार घरात देतात, पगार झाला की न चुकता कुंदा आणतात. खरं, बोलत नाहीत. घरी आले की चहा, मोबाईल, जेवण, झोप. गेल्या आठवड्यात मुलीच्या शाळेत मीटिंग होती. बाई सगळं कानडीत बोलल्या, मला निम्मं कळलं नाही. मी काहीतरी विचारलं तर बाकीच्या बायका एकमेकींकडं बघून हसल्या. रात्री ते सांगायला लागले तर हे मोबाईल बघत ‘हं, हं’ करत होते. मी म्हणाले, ‘मला वाटतं की तुम्हाला माझी किंमतच नाही. नऊ वर्षांत कधी माझं ऐकलंय का?’ ते म्हणाले, ‘झालं सुरू तुझं,’ आणि गच्चीवर गेले. तीन दिवस अबोला. मोठी बहीण म्हणते, गप्प बसायला शीक. गप्प बसूनही बघितलंय. कसं मागू म्हणजे ते ऐकतील?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

प्रिय मैत्रिणी,

त्या दिवशी शाळेत तुमच्यावर काय गुदरलं, हे तुमच्या मिस्टरांना अजूनही माहीत नसावं. तुम्ही सांगायला बसलात, पण मधेच ‘किंमतच नाही’ आलं आणि शाळा बाजूला पडली. त्यांच्या लक्षात राहिला तो नऊ वर्षांचा हिशेब, ज्यात ते नापास झाले होते. एवढा मोठा आरोप अंगावर आला की माणूस भांडतो, नाहीतर उठून जातो. तुमचे मिस्टर उठून जाणाऱ्यांतले आहेत. आणि ते गेले की तुम्हाला आणखी जोरात सांगावंसं वाटत असणार. नवरा-बायकोच्या भांडणांचा अभ्यास करणारे या चक्राला ‘मागणी आणि माघार’ म्हणतात. एकाने मागावं, दुसऱ्याने मागे सरकावं, म्हणून पहिल्याने आवाज चढवावा, म्हणून दुसऱ्याने आणखी मागे सरकावं. तुमच्या बहिणीचा सल्ला या चक्रातली मागणी तेवढी बंद करतो. पण भूक तशीच राहते आणि दोन महिन्यांनी दुप्पट जोराने वर येते. ते तुम्ही अनुभवलंय, म्हणून गप्प बसायचा मार्ग मी बाजूलाच ठेवते.

मागायचंच आहे. फक्त मागताना तोंडातून काय बाहेर पडतं, ते आपण शब्द शब्द करून बघू.

आपल्या मराठीत एक अडचण आहे. ‘वाटणं’ हे क्रियापद दोन कामं करतं. ‘मला भीती वाटते’ म्हणजे माझ्या मनाची अवस्था सांगितली. ‘मला वाटतं की तुम्हाला माझी किंमत नाही’ म्हणजे समोरच्याबद्दलचं माझं मत सांगितलं. दोन्हीकडे ‘वाटतं’ आहे, त्यामुळे बोलणाऱ्याला प्रामाणिकपणे असं वाटत राहतं की आपण मन मोकळं केलं, आणि ऐकणाऱ्याला मात्र निकाल ऐकायला मिळतो. माझ्याकडे येणाऱ्या बायका आणि पुरुष दोघंही इथं अडकतात. ओळखायची खूण सोपी आहे. ‘वाटतं’च्या पुढे ‘की’ आला, म्हणजे मत सुरू झालं. आपण बेळगावकडची माणसं वाक्याच्या शेवटी लाडाने ‘की’ लावतो, तो वेगळा, ‘येतो की’, ‘जेवलो की’ मधला. त्याचा काही त्रास नाही. मी म्हणते तो मधला ‘की’, जो पुढे दुसऱ्याबद्दलचं वाक्य उघडतो. तो गाळून वाक्य पुरं करून बघा. ‘मला वाटतं...’ नाही जमत. मग तुम्हाला शोधावंच लागतं: मला काय वाटतं? एकटं वाटतं. लाज वाटते. उदास वाटतं. तिथं भावना सापडते.

त्यानंतरचा फसवा भाग थोडा बारीक आहे. ‘की’ गाळला तरी काही शब्द भावनेचं सोंग घेऊन येतात. ‘माझ्याकडे दुर्लक्ष झाल्यासारखं वाटतं’, ‘मला गृहीत धरल्यासारखं वाटतं’, ‘टाकून दिल्यासारखं वाटतं’. या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: कुणी? दुर्लक्ष कुणी केलं? गृहीत कुणी धरलं? उत्तरात माणूस आला, म्हणजे शब्दाच्या पोटात आरोप आहे. आता ‘एकटं वाटतं’ला विचारा, कुणी? तिथं कुणीच लागत नाही. एकटेपणा तुमचा तुमच्यापाशी असतो. म्हणून तो ऐकताना समोरच्याला ढाल पुढे करावी लागत नाही. आणि ‘अहो’ म्हणून, ‘तुम्ही’ म्हणून बोललं की आरोप सौम्य होतो, असंही समजू नका. ‘अहो, तुम्ही कधीच ऐकत नाही’ यातला ‘कधीच’ तितकाच लागतो.

आता तुमच्या त्या दिवसावर येते, कारण उत्तर तिथंच आहे. माहेरी सगळं मराठीत, इथं घरात, गल्लीत मराठीत, आणि वर्गात मात्र बाईंचं बोलणं कानावर येतंय, मुलीचं नाव येतंय, पण पुढचं काय ते कळत नाही. सीमाभागात लग्न होऊन आलेल्या कितीतरी बायकांना हे रोजचं आहे. बाजारात, बँकेत, दवाखान्यात निभावून नेतो आपण. पण मुलीच्या शाळेत निभावून न्यावं लागणं वेगळं, तिथं आई म्हणून आपण कमी पडतोय असं मनात येतं. त्यात ते हसणं. माझ्या अंदाजाने तिथं तुम्हाला आधी लाज वाटली, मग घाबरायला झालं, की मुलगी पुढच्या वर्गात गेली की मी तिचा अभ्यास कसा घेणार. आणि घरी येईपर्यंत हे कुणाला तरी सांगून हलकं व्हावं अशी ओढ लागली. रात्री त्या ओढीला ‘हं, हं’ मिळालं. तेव्हा राग आला. राग खोटा नव्हता. पण तो सगळ्यात शेवटी आलेला, सगळ्यात वरचा थर होता, आणि बोलताना तुम्ही तेवढाच वाढलात.

माझा अंदाज चुकलाही असेल. तुम्हीच तपासा. दुपारी घरात सामसूम असेल तेव्हा कागद घ्या आणि त्या दिवसाचं फक्त तेवढं लिहा, जे कॅमेऱ्यात दिसलं असतं. ‘ते बेफिकीर होते’ हे कॅमेऱ्यात दिसत नाही. ‘मी शाळेचं सांगत होते तेव्हा मोबाईल त्यांच्या हातात होता आणि ते माझ्याकडे न बघता हं म्हणत होते’ हे दिसतं. ‘नऊ वर्षांत कधी’ हेही दिसत नाही. आणि त्याचा एक व्यवहारी तोटा आहे: ‘कधीच’ म्हटलं की समोरचा एकच अपवाद शोधून काढतो, ‘तू बाळंतपणात होतीस तेव्हा रात्रभर कोण बसलं होतं?’, आणि मग भांडण त्या रात्रीचं होऊन बसतं. त्याखाली, तेव्हा मनाला काय झालं, ते एका-दोन शब्दांत लिहा. घाई करू नका. ‘वाईट वाटलं’ यावर थांबू नका, तो शब्द सगळ्यालाच चालतो. लाज? हिरमोड? धास्ती? परकं वाटणं? नेमका शब्द सापडला की अंगाला कळतं, खांदे जरा खाली येतात.

मग तिसरी ओळ, गरजेची. इथं पुन्हा आपली भाषा जरा घोळ घालते. ‘पाहिजे’ हा शब्द घ्या. ‘तुम्ही माझ्याशी बोलायला पाहिजे’ म्हटलं तर ते कर्तव्य झालं, आणि ते चुकवल्याचा ठपका त्यातच आला. ‘मला तुमच्याशी बोलणं पाहिजे’ म्हटलं तर ती गरज झाली. शब्द तोच, पण वाक्याच्या तोंडाशी ‘तुम्ही’ आहे की ‘मला’, यावर सगळं फिरतं. शिवाय गरज म्हणजे मोबाईल बंद होणं नव्हे. मोबाईल बंद झाला आणि ते टीव्हीकडे बघत बसले, तर तुमचं पोट भरणार आहे का? गरज त्याच्या खाली असते. विचारपूस हवी आहे. मनातलं सांगताना कुणीतरी सोबत आहे हे जाणवायला हवं आहे. या परक्या वाटणाऱ्या गावात माझं एक माणूस माझ्या बाजूने आहे, एवढी खात्री हवी आहे. तुमच्या पत्रावरून मला शेवटची गरज सगळ्यात खरी वाटते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांनी ही मांडणी चार पायऱ्यांत शिकवली: जे बघितलं ते, जे वाटलं ते, जे हवं आहे ते, आणि शेवटी एक विनंती. पहिल्या तीन ओळी तुमच्या कागदावर आल्या. चौथीत बहुतेकांचं गाडं अडतं. ‘माझ्याकडे लक्ष द्या’, ‘मला समजून घ्या’, ‘जरा प्रेमाने वागा’ या विनंत्या वाटतात, पण ऐकणाऱ्याने उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं? मशीनवर काम करणाऱ्या माणसाला ड्रॉइंगवर माप न लिहिता ‘चांगला पार्ट काढ’ म्हणावं, तसं ते होतं. तो आपल्या समजुतीने काहीतरी काढतो, आपल्याला ते चालत नाही, आणि दोघंही चिडतात. विनंती अशी हवी की उद्या रात्री तुम्हाला सांगता यावं, झालं किंवा झालं नाही. आणि ती काय नको हे सांगणारी नसावी, काय हवं हे सांगणारी असावी. ‘मोबाईल बघू नका’ ऐवजी ‘जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं माझ्याजवळ बसा’.

या सगळ्याचं वाक्य बनवायला बसलात की पहिला मसुदा बहुतेक असा येईल: ‘मी शाळेचं सांगत होते आणि तुम्ही मोबाईल बघत होता, तेव्हा मला फार एकटं वाटलं, कारण तुम्हाला माझ्या बोलण्यात काही रस नसतो.’ सुरुवात छान आहे, पण ‘कारण’च्या पुढे पुन्हा ते आले. भावनेचं कारण समोरच्याच्या वागण्यात टाकलं की आरोप मागच्या दाराने परत येतो. ‘कारण’च्या पुढे तुमची गरज यायला हवी. दुसऱ्या खेपेला कदाचित असं होईल: ‘मला एकटं वाटलं, कारण मला तुमची सोबत हवी असते, तर तुम्ही रोज मला वेळ देत जा.’ हे पुष्कळ बरं आहे. पण ‘रोज’ फार मोठं आहे आणि ‘वेळ’ फार पसरट. शेवटी मी असं काहीतरी म्हणेन, तुमच्या तोंडी बसेल असं तुम्ही बदला:

‘त्या दिवशी मी शाळेचं सांगत होते तेव्हा तुमच्या हातात मोबाईल होता. मला एकदम एकटं वाटलं. शाळेत मला बाईंचं कानडी कळलं नव्हतं आणि बायका हसल्या, त्याची फार लाज वाटली होती. या गावात तुम्ही माझ्या बाजूने आहात एवढं मला जाणवायला पाहिजे असतं. आज जेवल्यावर पंधरा मिनिटं गच्चीवर बसूया? मोबाईल खालीच ठेवू. तुम्ही काही उपाय सांगायची गरज नाही, नुसतं ऐकलं तरी चालेल.’

मोठ्याने म्हणून बघा, अर्धं मिनिट पुरतं. यात ‘नेहमी’ नाही, नऊ वर्षं नाहीत, सासूबाई नाहीत. एका वेळी एकच गोष्ट. तिच्या मागोमाग घरच्या आणखी दोन तक्रारी आल्या की पहिली वाया जाते. शेवटचं वाक्य, उपाय नको हे, मुद्दाम घातलंय. कामावर दिवसभर बिघाड शोधून दुरुस्त करणाऱ्या माणसाला बायकोचं दुःख ऐकलं की हातात पाना घ्यावासा वाटतो. ‘मग पुढच्या मीटिंगला मी जातो’, ‘मग कानडीचा क्लास लाव’ असं ते लगेच म्हणतील, आणि तुम्हाला वाटेल की पुन्हा झटकून टाकलं. ते झटकणं नसतं बहुतेक वेळा. ऐकणं एवढंच काम पुरेसं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आधी सांगून ठेवलं की त्यांचाही ताण उतरतो.

कधी बोलायचं, हे वाक्याइतकंच महत्त्वाचं आहे. उंबऱ्यावर चप्पल काढताना नको. दिवसभर मशीनच्या आवाजात उभं राहून आलेल्या माणसाच्या कानात तासभर तोच आवाज घुमत असतो. चहा होऊ द्या. मग आगाऊ सूचना द्या: ‘जेवल्यावर मला थोडं बोलायचंय, तुमची तक्रार नाही, माझंच सांगायचंय.’ घरात सासूबाई, मुलगी सगळे असताना गच्ची जमली नाही तर बाहेर पडा. कपिलेश्वरला चालत जाऊन येण्याएवढा रस्ता पुष्कळ झाला. चालताना दोघंही पुढे बघतात, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, आणि न बोलणारी माणसं अशा वेळी मोकळी होतात, हे मी फार वेळा बघितलंय. बोलण्याची सुरुवात कशी होते यावर किती अवलंबून असतं, याचा अभ्यास झालेला आहे. सिबिल कॅरेअर आणि जॉन गॉटमन या संशोधकांनी नव्याने लग्न झालेल्या १२४ जोडप्यांना त्यांच्यातल्या एका मतभेदावर बोलायला लावलं. १९९९ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की त्या बोलण्याच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनच, पुढच्या सहा वर्षांत कुणाचा घटस्फोट होईल याचा अंदाज बांधता आला. म्हणून सगळी मेहनत मी तुमच्या पहिल्या अर्ध्या मिनिटावर घेतेय.

आता समजा, तुम्ही हे सगळं नीट म्हणालात आणि तरी ते म्हणाले, ‘परत तेच?’ असं होण्याची बरीच शक्यता आहे. नऊ वर्षांची सवय त्यांच्या कानांनाही आहे. तुमचा सूर बदललाय हे कळायच्या आधीच ते आरोपाची तयारी करून बसतील. तेव्हा समजावत बसू नका आणि ‘बघा, एवढं चांगलं बोलले तरी!’ हे तर अजिबात म्हणू नका, त्या एका वाक्याने सगळी मांडणी हत्यार होते. त्यांच्या आत काय चाललं असेल त्याचा अंदाज विचारा: ‘मी पुन्हा तुमच्या चुका काढणार असं वाटलं का?’ बहुतेक उत्तर ‘मग काय!’ असं येईल. ‘होय, आधी मी तसंच बोलत आलेय. आज तसं नाही. मला शाळेत फार लाज वाटली, तेवढं सांगायचंय.’ बास. यापुढे थांबा. शांतता दहा सेकंद पडली तरी ती तुम्ही भरू नका. न बोलणाऱ्या माणसाला शब्द शोधायला तुमच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि आवाज चढलाच, त्यांचा किंवा तुमचा, छाती धडधडायला लागली, तर तिथंच सोडा. नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की समोरच्याचं ऐकून घेणं अवघड होतं, आणि शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. फक्त उठताना परतीची वेळ सांगा: ‘मी पाणी पिऊन येते, नऊ वाजता पुन्हा बोलूया.’ ते गच्चीवर गेले, तेव्हा तुम्हाला झोंबलं ते हेच असावं. जाणाऱ्याने परत कधी येणार ते सांगितलं नव्हतं, आणि तीन दिवस लागले. हा नियम त्यांच्यासाठीही ठरवून घ्या, पण भांडणाच्या वेळी नको, एखाद्या बऱ्या दिवशी.

त्यांनी साधं ‘आज नको, डोकं दुखतंय’ म्हटलं तर? इथं तुमची परीक्षा आहे. नकार ऐकून तुम्ही रुसलात, भांडी आपटलीत, तर तुम्ही मागितलं ते विनंती नव्हतीच, हुकूम होता, आणि पुढच्या वेळी त्यांना ते आधीच कळेल. ‘बरं. मग उद्या की रविवारी?’ एवढंच विचारा. दिवस त्यांच्या तोंडून येऊ द्या.

एक गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आलीय, ती मला सोडवत नाही. कुंदा. पगार झाला की न चुकता. नऊ वर्षं म्हणजे शंभरावर वेळा हा माणूस गर्दीतून वाट काढून दुकानात थांबलाय. तुम्हाला बोलणं हवंय आणि ते कुंदा आणतात, हे मान्य. पण ज्याला बोलता येत नाही तो असं काहीतरी हातात ठेवतो. गॉटमन यांच्याच कामात अशा छोट्या हाकांची मोजदाद आहे. ‘हे बघ’, ‘पाऊस आला वाटतं’, मोबाईलवरचा एखादा व्हिडिओ पुढे करणं, या सगळ्या हाका. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र राहिली होती, ती लग्नाच्या सुरुवातीला जोडीदाराच्या शंभरातल्या ८६ हाकांना ओ देत होती. ज्यांचं मोडलं, ती ३३ हाकांना. म्हणून पुढच्या वेळी पुडा हातात आला की तो फ्रिजमध्ये ठेवायच्या आधी एक क्षण थांबा. ‘तुम्ही आठवणीने आणता, मला बरं वाटतं,’ एवढं म्हणा, तसं खरंच वाटत असेल तर. त्यांना भावनेचं वाक्य कसं असतं हे तुमच्याकडूनच ऐकायला मिळेल, आणि तेही तक्रारीशिवाय.

या पद्धतीच्या मर्यादाही मी झाकून ठेवणार नाही. तुम्ही मारहाण नाही म्हणून लिहिलंत, म्हणून मी हे सगळं मोकळेपणाने सांगू शकले. ज्या घरात बोलल्यावर हात उगारला जातो, पैसे रोखले जातात, माहेरी फोन करू दिला जात नाही, तिथं आपलं मन उघडं करून दाखवणं धोक्याचं आहे. हे वाचणाऱ्या कुणाची तशी परिस्थिती असेल तर तिने वाक्यं जुळवत बसू नये, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा. दुसरं, तुमचे मिस्टर पूर्वी बोलायचे आणि गेल्या काही महिन्यांतच मिटले असतील, झोप उडाली असेल, जेवण कमी झालं असेल, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर ते तुमच्यापासून दूर गेलेत असं धरू नका. ते आजारी असू शकतात. १४४१६ ही सरकारी टेलि-मानस हेल्पलाइन आहे, फोन फुकट आहे आणि तिथं आपल्या भाषेत बोलता येतं. आणि तिसरं, तुम्ही चार-सहा वेळा, वेगवेगळ्या दिवशी, नेमकं आणि शांतपणे मागितलंत आणि प्रत्येक वेळी त्यांनी उडवून लावलं, तर वाक्यात खोट शोधत बसू नका. तेव्हा दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जायचं, आणि ते यायला तयार नसतील तर तुम्ही एकटीने जायचं.

पण तिथपर्यंत जायच्या आधी गच्चीवरची ती पंधरा मिनिटं होऊ द्या. पहिल्या वेळी कदाचित ते नुसतं ‘मग?’ म्हणतील आणि टाकीकडे बघत बसतील. तुम्हाला अपेक्षेपेक्षा फार कमी मिळेल. तरी ज्या क्षणी ते तुमच्याकडे वळले, तो क्षण लक्षात ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा हातात देताना सांगा, ‘काल तुम्ही विचारलंत ना, त्या बायका का हसल्या म्हणून, तेव्हा मला हलकं वाटलं.’ नेमकं कशाने हलकं वाटलं, ते सांगा. त्यावर ते काय म्हणतात, ते मला कळवा. ‘हं’ म्हणाले तरी कळवा.

– तुमची ताई